स्कॅन केलेल्या निबंधावर बाजूचे शेरे: बाईंच्या आवाजात, पण मुलाचा निबंध मुलाचाच ठेवून

प्रश्न: यंदापासून नववीला मराठी शिकवतेय. मुलं वहीत निबंध लिहून फोनवर स्कॅन करून पाठवतात आणि मी पीडीएफवर बाजूला शेरे लिहिते. पण एकतर शेरे फार कोरडे होतात, ऑडिटरने लिहिल्यासारखे, नाहीतर मी मुलाची वाक्यंच नव्याने लिहून टाकते आणि मग कळतं की हा तर माझा निबंध झाला. समोर बसून बोलल्यासारखे शेरे कसे लिहायचे, मुलाचं म्हणणं न बदलता?

उत्तर:

मी 22 वर्षं नववी-दहावीला मराठी शिकवतेय आणि त्यातली पहिली आठ-नऊ वर्षं तरी मी हेच करत होते, म्हणजे लाल पेनने मुलांचे निबंध स्वतःच लिहीत होते. ते कळलं कसं ते आधी सांगते. एका मुलीने आजारी आजोबांवर लिहिलं होतं, साधंच, की आजोबा दिवसभर दाराकडे बघत बसतात. मी वरती लिहिलं "त्यांची हतबलता व्यक्त कर". पुढच्या आठवड्यात सुधारून लिहिलेला निबंध आला, त्यात लिहिलेलं "आजोबांची हतबलता दिसत होती". आणि दाराकडे बघणं गायब. मुलीने माझं ऐकलं होतं हो, पूर्ण ऐकलं होतं, तोच तर प्रॉब्लेम. तेव्हापासून मी दुसरा खर्डा आला की पहिल्यांदा एकच गोष्ट बघते, माझ्या शेऱ्यातले शब्द त्यात आलेत का. आले असतील तर शेरा चुकला, मुलाची काही चूक नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. "आवाज" आणि "मुलाचं म्हणणं न बदलणं" या दोन वेगळ्या अडचणी वाटतात पण माझ्या मते एकच आहे. शेरा कोरडा होतो तो आपण निबंधाबद्दल निकाल देतो म्हणून, "विस्तार हवा", "मुद्दा स्पष्ट करावा", "वाक्यरचना सदोष". आणि मुलाचं वाक्य आपण बदलतो तेही निकाल देण्याच्याच घाईत, की हे असं हवं होतं. दोन्हीत आपण वाचणं सोडून दिलेलं असतं. शेऱ्यात जर एवढंच लिहिलं की हे वाचताना बाईंना या ओळीवर काय झालं, कुठे थांबल्या, कुठे हसू आलं, कुठे वाट चुकली, तर आवाज आपोआप येतो आणि मुलाच्या वाक्याला हात लावायची गरजच पडत नाही.

हे नुसतं बोलून कळणार नाही, एक निबंधच घेऊ. विषय "एसटी स्टँडवरील एक तास", नववीतला मुलगा, फुलस्केपची दोन पानं. (मुलगा ओळखू येऊ नये म्हणून थोडं बदललंय.) महत्त्वाचे तुकडे त्याच्याच शुद्धलेखनात देते.

> एसटी ही महाराष्ट्राची जीवनवाहिनी आहे. 1960 साली महाराष्ट्र झाला तेव्हा एसटी सुरू झाली. स्टँडवर खुप गर्दी असते. सर्व लोक आपापल्या गावाला जाण्यासाठी उत्सूक असतात.
>
> मी व आजी साडेचारच्या गाडीची वाट बघत होतो. आजी दर पाच मिनटांनी चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन येत होती. खिडकीतला माणूस वर न बघताच येईल येईल म्हणायचा. आजीला पण माहित होते तो काय म्हणणार पण ती जायची.
>
> तीन नंबरच्या फलाटावर एक माणूस पिशवी उशाला घेऊन झोपला होता. पिशवीत कोंबडी होती. ती जागी होती.
>
> म्हणुन आपण सर्वांनी सार्वजनिक मालमत्तेची काळजी घेतली पाहिजे. एसटी आपली आहे.

पहिलं वाचन पेन हातात न घेता करायचं, किंवा कॉम्प्युटरवर असाल तर माऊस सोडून. मी मुद्दाम हात मांडीवर ठेवते, हसू नका. कारण पेन हातात असला की डोळा पहिल्याच परिच्छेदातल्या "खुप"वर अडकतो आणि कोंबडीपर्यंत पोचेस्तोवर आपण वैतागलेलो असतो. हात मोकळे ठेवून वाचलं की लगेच दिसतं, या निबंधाचा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या परिच्छेदात आहे, पहिला आणि चौथा गाईडातून आलेत. चौथा "म्हणुन"ने सुरू होतोय पण कशावरून म्हणून ते काही नाही.

आता आजीवाला परिच्छेद. पूर्वीची मी काय लिहिलं असतं? "आजीच्या या येरझाऱ्यांतून तिच्या मनातील अस्वस्थता दिसून येत होती असे लिही." वाक्य वाईट नाहीये, परीक्षकाला आवडेलही. पण पोराने बघितलंय ते वेगळंच आहे, त्याने बघितलंय की आजीला उत्तर माहीत आहे आणि तरी ती जाते. अस्वस्थता हा माझा अर्थ झाला. त्याचा काय आहे मला माहीत नाही, कदाचित त्यालाही अजून नाही. म्हणून मी लिहिलं:

"इथे मी थांबले आणि परत वाचलं. माहीत असून आजी जाते, हे तुझ्या बरोबर लक्षात आलं. ती जाऊन यायची तेव्हा तू काय करत होतास?"

तीन वाक्यं. पहिल्यात मला काय झालं ते. दुसऱ्यात नेमकं कशामुळे, आणि ते त्याच्याच शब्दांत, "माहीत" आणि "जाणं" हे दोन्ही त्याचेच. तिसऱ्यात असा प्रश्न ज्याचं उत्तर मला ठाऊकच नाही. या शेवटच्या गोष्टीवर थोडं थांबते, कारण खरी गोम तिथे आहे.

आपण शिक्षक लोक प्रश्न विचारतो ते बहुतेक वेळा उत्तर खिशात ठेवूनच. "आजीच्या वागण्यातून तिचा कोणता स्वभाव दिसतो?" हा दिसायला प्रश्न आहे पण मला "चिकाटी" किंवा "काळजी" यातला शब्द हवाय आणि मुलाला तेही कळतं, मुलं यात फार हुशार असतात. तो बाईंना हवा असलेला शब्द शोधून आणून देतो आणि झालं, पुन्हा माझाच निबंध. तर प्रश्न लिहून झाला की स्वतःला विचारायचं, याचं उत्तर मला आत्ता देता येतं का? येत असेल तर तो प्रश्न नाही, ती सूचना आहे, प्रश्नचिन्ह लावलेली. "तू तेव्हा काय करत होतास" याचं उत्तर जगात त्या एका पोरालाच ठाऊक आहे. चौकशीची खिडकी कशी होती, तो माणूस करत काय होता, गाडी शेवटी आली का, हे सगळे असेच प्रश्न.

पण याचा अर्थ सगळीकडे प्रश्नच विचारायचे असाही नाही. पहिल्या परिच्छेदात त्याने एसटी 1960 ला सुरू झाली असं लिहिलंय ते चूक आहे, तिथे "तुला खात्री आहे का?" असं गोड विचारत बसू नका. ते उगाच छळल्यासारखं होतं, आणि मुलाने शोधायचं कुठे? सरळ लिहायचं: "एसटी त्याआधीची आहे. पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे ते अहमदनगर सुटली. महाराष्ट्र राज्य 1960 चं. हे नीट कर." माहितीची चूक ही मुलाची कल्पना नसते, ती दुरुस्त केल्याने त्याचं काही हिरावलं जात नाही. तसंच एखाद्या निबंधात कुणाच्या जातीवरून, दिसण्यावरून वाईट लिहिलं असेल तर तिथेही आडून आडून काही नाही, मला हे वाचून काय वाटलं ते स्पष्ट लिहायचं आणि नंतर वर्गाबाहेर बोलावून बोलायचं, स्कॅनवर तो विषय संपवायचा नाही.

"जीवनवाहिनी"चं काय करायचं? हे वाक्य प्रत्येक वर्षी निदान दहा वह्यांत असतं, म्हणून मी पूर्वी लिहायचे "पाठांतर टाळा". मुलाला यातून कळतं एवढंच की पकडलो गेलो. आता मी लिहिते: "हे वाक्य मला बऱ्याच वह्यांत भेटतं. तुझा स्टँड कोणत्या वाक्यापासून सुरू होतो? त्या वाक्याला बाण कर." बघा, मी काही खोडलं नाही, काही सुचवलं नाही, निवड त्याच्यावर सोडली. मनातून मला वाटत होतं की त्याने आजीपासून सुरू करावं. आणि त्याने बाण केला कोंबडीला! मला पटलं नव्हतं खरं तर, पण निबंध त्याचा.

कोंबडीच्या ओळीला मी काय लिहिलं? फक्त "ती जागी होती, याला मी मोठ्याने हसले. स्टाफरूममध्ये." बास. इथे "विनोदाचा चांगला वापर" लिहिलं असतं तर शेरा पुन्हा ऑडिटरचा झाला असता. आणि दुसरा मोह असतो तो वाक्यं जोडण्याचा, "पिशवीतील कोंबडी मात्र जागी होती असे लिहिल्यास ओघ येईल". अहो, ती तीन तुटक वाक्यं आहेत म्हणूनच तर हसू येतं. मुलाचं वाक्य तुटक, वेडंवाकडं दिसलं की आधी बघायचं की ते काही काम करतंय का. करत असेल तर व्याकरणाच्या नावाखाली त्याला इस्त्री करायची नाही.

हेच बोलीचं. सातारा-सांगलीकडचं पोर आजीच्या तोंडी "म्हणली", "व्हय" लिहितं, विदर्भातलं अजून वेगळं लिहील. संवादात आहे तोवर ते बिलकुल बरोबर आहे. शुद्धलेखनाच्या नियमांतसुद्धा बोलल्याप्रमाणे रूपं लिहायची सोय आहे, केलं, असं, घोडं वगैरे अनुस्वार देऊन. निवेदनात आणि संवादात मिसळ झाली असेल तर मी एवढंच लिहिते, "इथे कोण बोलतंय, तू की आजी?" मूल स्वतः ठरवतं आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवतं.

चौथ्या परिच्छेदावर, त्या सार्वजनिक मालमत्तेच्या, माझा शेरा होता: "मी अजून स्टँडवरच आहे! साडेचारची गाडी आली का?" या निबंधात मला सगळ्यात आवडलेला माझा शेरा हाच. यात बोध काढून टाक असं मी म्हटलं नाही. वाचक म्हणून मी कुठे अडकलेय तेवढं सांगितलं. त्याला बोध ठेवायचा असता तरी त्याने ठेवला असता, फक्त आधी गाडीचं बघावं लागलं असतं.

आता शुद्धलेखन. यावर सगळे विचारतात आणि इथेच शेऱ्यांचा पसारा वाढतो. अमेरिकेत रिचर्ड हॅसवेल नावाच्या प्राध्यापकांनी 1983 मध्ये एक पद्धत मांडली होती, की वरवरच्या चुका शिक्षकाने दुरुस्त करायच्याच नाहीत, ज्या ओळीत चूक असेल त्या ओळीसमोर मार्जिनमध्ये फक्त टिक करायची, चूक विद्यार्थ्याने शोधायची. त्यांच्या वर्गात निम्म्याहून जास्त चुका विद्यार्थ्यांनी स्वतःच दुरुस्त केल्या. मी ही पद्धत बरीच वर्षं वापरते आणि "मिनटांनी"सारख्या चुकांना ती अगदी झकास चालते. टिक बघितली की पोर डोक्यावर हात मारतं, "अरे, मिनिटांनी!"

पण मराठीत एक अडचण आहे. ऱ्हस्व-दीर्घ आपल्याला बोलताना धड ऐकू येत नाही. "खुप" आणि "खूप" मोठ्याने म्हणून बघा. त्यामुळे "खुप"पुढे टिक केली तर मूल ती ओळ दहा वेळा वाचतं आणि त्याला काही सापडत नाही, मग ते भलतंच काहीतरी बदलतं. म्हणून आधी बघायचं की ही घाईतली चूक आहे की माहीतच नसलेली. आपल्या या निबंधात "खुप", "माहित", "म्हणुन" तीन वेगवेगळ्या शब्दांच्या तीन चुका दिसतात पण मुळात चूक एकच आहे. अकारान्त शब्दात शेवटून दुसरं अक्षर इकार किंवा उकार असेल तर ते दीर्घ: खूप, माहीत, म्हणून, फूल, वीट. आणि गंमत म्हणजे त्याच पोराने "उत्सूक" लिहिलंय, म्हणजे हा नियम त्याने कुठेतरी अर्धामुर्धा ऐकलाय आणि जिथे लागत नाही तिथे लावलाय, कारण उत्सुक हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, तिथे मूळचा ऱ्हस्व तसाच राहतो. चारही ठिकाणी लाल गोल करून दुरुस्त शब्द वर लिहिले असते तर मला हे दिसलंच नसतं, त्याला तर नाहीच नाही.

तर मी तिथे मार्जिनमध्ये काही लिहिलं नाही. पानाच्या खाली एकच शेरा: "खूप, माहीत, म्हणून. तिन्हीत शेवटून दुसरं अक्षर बघ, तिन्हीत दीर्घ आहे. असे अजून दोन शब्द तुझ्या दुसऱ्या पानावर आहेत, शोध. उत्सुक मात्र संस्कृतमधला, तो ऱ्हस्वच." पुढच्या खर्ड्यात तीनपैकी दोन बरोबर आले. तिसऱ्याचं शेवटी सांगते.

किती शेरे लिहायचे? दोन पानांना मी बाजूला चार ते सहा, आणि खाली एक, याच्यावर जात नाही. याला काही शास्त्र नाही, मुलं वाचतात किती ते बघून ठरलेला आकडा आहे. आठ-दहा झाले की मूल सगळ्यात सोपे तीन निवडतं, आणि सगळ्यात सोपे म्हणजे शुद्धलेखनाचे. मग आजी राहते बाजूला. वर्गात 50-55 मुलं असतात हेही आहेच, एका निबंधाला मला 10-12 मिनिटं लागतात, म्हणजे एका वर्गाचे नऊ-दहा तास. दर निबंधाला हे शक्य नाही, कुणी शक्य आहे म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मी असे सविस्तर शेरे एका मुलाला सत्रात दोन निबंधांना देते, बाकीच्या निबंधांना टिक आणि एक ओळ.

आवाजाची एक युक्ती सांगते, फार साधी आहे. शेरा टाइप करायच्या आधी तोंडाने बोलून बघायचा, मूल वही घेऊन टेबलापाशी उभं आहे असं समजून. "वर्णनात अधिक सखोलता अपेक्षित" हे तुम्ही कुठल्या मुलाच्या तोंडावर बोलाल? नाही ना. मग लिहायचं पण नाही. वर्गात तुम्ही मुलाला "तू" म्हणता तर शेऱ्यातही "तू", आणि "करावे, टाळावे" सोडून "कर, बघ, सांग". तुम्ही वर्गात ज्या शब्दांनी बोलता, "अरे वा", "हे काय रे", "गडबडलास इथे", तेच येऊ द्या. पण तुमचेच. मी एकदा एका लाडक्या सीनिअर बाईंचे शब्द उचलून "शाब्बास रे पठ्ठ्या" लिहायला लागले तर मुलं आपसात म्हणाली बाईंना काय झालंय. आणि "छान" हा शब्द मी एकटा लिहीतच नाही. काय छान ते लिहायला जमलं नाही तर बहुतेक वेळा छान असं काही नसतंच, मी नुसती पुढच्या पानावर जायच्या घाईत असते.

आता स्कॅनचं, कारण निम्मी भांडणं तिथे होतात. कागदावर मार्जिन असतं, फोनचं स्कॅन ॲप मात्र पान आपोआप कापतं आणि पहिला बळी मार्जिनचा जातो. मग लिहायला जागाच नाही, म्हणून आपण ओळींच्या मधे लिहितो. आणि ओळींच्या मधे लिहायला लागलं की हात आपोआप मुलाचं वाक्य दुरुस्त करायला लागतो. खरंच, जागेचा आणि सवयीचा इतका संबंध आहे. मुलाच्या वाक्याच्या डोक्यावर तुमचं वाक्य बसलं की दुसऱ्या खर्ड्यात कुठलं येणार ते सांगायला नको.

मी काय करते, वर्डमध्ये नवीन पान आडवं करते (Layout मधून Orientation, मग Landscape, आणि Margins मधून Narrow) आणि स्कॅनचा फोटो डावीकडे टाकते. फोटोची उंची साधारण 18 सेंमी ठेवली तर रुंदी 13 सेंमीच्या आत राहते आणि उजवीकडे जवळजवळ तेवढीच जागा रिकामी मिळते. फोटोवर फक्त छोटे गोल आकडे टाकते, 1, 2, 3, आणि शेरे उजवीकडे त्याच आकड्यांनी. टिक ओळीसमोर. मुलाच्या अक्षरावर माझं एक अक्षरही पडत नाही. मग पीडीएफ करून पाठवायचं.

सरळ पीडीएफवरच लिहायचं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, स्कॅन म्हणजे फोटो, त्यात अक्षरं नसतात, त्यामुळे अक्षरं निवडून पिवळं करायचं टूल तिथे चालत नाही, तुम्हाला पेन किंवा चौकोन वापरावा लागतो. दोन, चिकटचिठ्ठीवाले शेरे, ते क्लिक केल्यावर उघडतात ते, वापरू नका. मी एका वर्षी 30 निबंध तसे तपासले, दोन रविवार गेले माझे. मुलांनी पीडीएफ फोनवर उघडली तर तिथे कुणाला नुसता पिवळा चौकोन दिसला, कुणाला तोही नाही. एकीने विचारलं, "बाई, माझ्या निबंधावर पिवळे डाग कशाचे पडलेत?" चिकटचिठ्ठीचा मजकूर प्रिंटलाही साधारण येत नाही. म्हणून शेरा नेहमी टेक्स्ट बॉक्समध्ये, पानावर उघड दिसेल असा, आणि पाठवायच्या आधी एक फाइल स्वतःच्या फोनवर व्हॉट्सॲपमधून उघडून बघायची. स्टायलस असेल तर हाताने लिहिणं सगळ्यात बरं, अक्षरात आवाज येतोच, पण माझं काचेवरचं अक्षर डॉक्टरांसारखं येतं म्हणून मी टाइप करते.

शेवटचा शेरा, खालचा. तिथे मार्क आणि सल्ला एकत्र आले की मूल फक्त मार्क वाचतं, म्हणून पहिल्या खर्ड्यावर मी मार्क देतच नाही, शाळेत चालत असेल तर तुम्हीही देऊ नका, नसेल चालत तर दोन दिवसांनी द्या. शुद्धलेखनाची ती ओळ सोडली तर खाली एवढंच होतं: "आजी आणि कोंबडी मला दिवसभर आठवत होत्या. बाजूच्या प्रश्नांची उत्तरं आधी मार्जिनमध्ये पेन्सिलने लिही, एकेका ओळीत. मग त्यातलं काय निबंधात घ्यायचं ते तू ठरव. सगळं घ्यायलाच पाहिजे असं नाही." ही पेन्सिलची पायरी गाळू नका. मूल उत्तर थेट निबंधात लिहायला गेलं की त्याची निबंधाची भाषा सुरू होते. पेन्सिलने बाजूला लिहिताना ते बोलल्यासारखं लिहितं, खरं लिहितं.

या मुलाने "तू काय करत होतास" याला पेन्सिलने लिहिलं होतं, "पिशव्या संभाळत होतो आणि ती हरवेल म्हणून बघत होतो". "ती" म्हणजे पिशवी की आजी, कळत नव्हतं. मी विचारलं नाही. दुसरा खर्डा आला तो कोंबडीपासून सुरू होत होता, जीवनवाहिनी गेली होती, 1948 पण गेलं होतं, त्याला ते लागलंच नाही. "ती हरवेल" तसंच ठेवलं होतं, दुसरीकडेच, आजी खिडकीकडे जाते त्या वाक्याच्या लगेच पुढे. आणि शेवट असा होता:

> गाडी साडेपाचला आली. मी पिशव्या उचलल्या. आजी परत खिडकीपाशी गेली आणि त्या माणसाला म्हणली, आली बघा गाडी. तेव्हा त्याने वर बघितले.

या ओळींसमोर मी काही लिहिलं नाही. वरच्या परिच्छेदात "माहित" परत ऱ्हस्व होतं, तिथे टिक केली.